नकाराची किंमत : पॉयझन पिल, व्हाइट नाइट आणि भागधारकाची संपत्ती

ज्या कंपनीचे शेअर बाजारात रोज खरेदी-विक्रीला असतात, तिचा ताबा दोन वाटांनी बदलू शकतो. पहिल्या वाटेने खरेदीदार कंपनीच्या संचालक मंडळाशी बोलणी करतो, भाव ठरतो आणि मंडळ तो व्यवहार भागधारकांपुढे मंजुरीसाठी ठेवते. दुसऱ्या वाटेने, मंडळाने नकार दिल्यावर, खरेदीदार मंडळाला वगळून थेट भागधारकांपुढे जातो आणि अमुक भावाने तुमचे शेअर मला विका, असे जाहीर आवाहन करतो. या दुसऱ्या प्रकाराला होस्टाइल टेकओव्हर म्हणजे संचालकांच्या मर्जीविरुद्धचा ताबा म्हणतात, आणि तो रोखण्यासाठी मंडळे जे उपाय योजतात त्यांना ताबाविरोधी बचाव म्हणतात. या उपायांपैकी दोन, पॉयझन पिल आणि व्हाइट नाइट, प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहेत; आणि त्यांच्याविषयी विचारायचा प्रश्न एकच आहे, तो म्हणजे या उपायांनी भागधारकाच्या हाती पडणारा पैसा वाढतो की घटतो. या प्रश्नाचे उत्तर उपायाच्या नावावरून देता येत नाही. तोच उपाय एका महिन्यात भाव वर नेतो आणि पुढच्या महिन्यात भाव वाढण्याची वाट बंद करतो, हे अमेरिकेतील दोन खटल्यांच्या तपशिलांतून स्पष्ट होते, आणि म्हणून येथे त्या दोन खटल्यांचाच सविस्तर विचार केला आहे.

पॉयझन पिलची रचना न्यूयॉर्कचे वकील मार्टिन लिप्टन यांनी १९८२ मध्ये केली. त्या काळी ताबा घेण्याची एक पद्धत रूढ झाली होती, जिच्यात खरेदीदार पहिल्या निम्म्याहून थोड्या अधिक शेअरांना रोख आणि चढा भाव देऊ करी, आणि ताबा मिळाल्यावर उरलेल्या भागधारकांना कमी किमतीचे कर्जरोखे किंवा कमी भाव घेणे भाग पाडी. प्रत्येक भागधारकाला वाटे की आपण मागे राहिलो तर आपल्या वाट्याला दुसऱ्या टप्प्यातला हलका मोबदला येईल. त्यामुळे प्रस्ताव अपुरा आहे असे मानणारे लोकसुद्धा घाईने शेअर विकून मोकळे होत. एकेकट्या भागधारकाला एकत्र येऊन नकार देण्याचे साधन नव्हते, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी पॉयझन पिल हे साधन मंडळाच्या हाती देण्यात आले. त्याचा मूळ हेतू रास्त होता, ही गोष्ट त्याच्या पुढच्या गैरवापरावर टीका करताना विसरता कामा नये.

पिलची यंत्रणा अशी असते. मंडळ प्रत्येक शेअरला एक सुप्त हक्क जोडते. कोणत्याही एका व्यक्तीने ठरावीक मर्यादेपलीकडे, बहुधा दहा, पंधरा किंवा वीस टक्क्यांपलीकडे, शेअर घेतले की हा हक्क जागा होतो आणि त्या व्यक्तीखेरीज बाकी सर्व भागधारकांना कंपनीचे नवे शेअर निम्म्या भावात विकत घेता येतात. त्याचा परिणाम कल्पित आकड्यांनी पाहता येईल. एका कंपनीचे दहा कोटी शेअर आहेत आणि भाव १०० रुपये आहे, म्हणजे कंपनीची बाजारातील किंमत १,००० कोटी रुपये आहे. खरेदीदाराने त्यांतील दोन कोटी शेअर, म्हणजे वीस टक्के, घेतले आणि पिल लागू झाली. उरलेल्या आठ कोटी शेअरांपैकी प्रत्येकाच्या हक्कावर २०० रुपये भरून ४०० रुपयांचे, म्हणजे चार, नवे शेअर मिळतात. कंपनीकडे १,६०० कोटी रुपये येतात, तिची एकूण किंमत २,६०० कोटी होते आणि शेअरांची संख्या बेचाळीस कोटी होते, त्यामुळे प्रत्येक शेअर सुमारे ६२ रुपयांवर येतो. खरेदीदाराचा हिस्सा वीस टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्याही खाली जातो आणि त्याचे २०० कोटी रुपये सुमारे १२४ कोटी होतात. बाकीच्या भागधारकांच्या हाती आता सुमारे २,४७६ कोटींचे शेअर असतात. त्यांनी भरलेले १,६०० कोटी वजा केले तर ८७६ कोटी उरतात, जे पूर्वी ८०० कोटी होते. खरेदीदाराने गमावलेले ७६ कोटी बाकीच्यांच्या खिशात गेलेले असतात. पिलमुळे नवी संपत्ती निर्माण होत नाही. ती फक्त खरेदीदाराकडून इतरांकडे सरकते, आणि हे नुकसान इतके मोठे असते की शहाणा खरेदीदार मर्यादेच्या अलीकडेच थांबतो. म्हणूनच पिल प्रत्यक्षात लागू झाल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. तिची खरी ताकद दुसऱ्या एका कलमात असते, ज्यान्वये मंडळ वाटेल तेव्हा हे हक्क नाममात्र रकमेत परत घेऊ शकते. खरेदीदाराला भागधारकांपर्यंत पोहोचायचे असेल तर आधी मंडळाची संमती मिळवावी लागते, आणि अशा प्रकारे जो प्रश्न भागधारकांचा होता तो मंडळाच्या बैठकीत येतो.

व्हाइट नाइट हा उपाय वेगळ्या जातीचा आहे. नको असलेल्या खरेदीदाराच्या तावडीतून सुटण्यासाठी मंडळ स्वतःहून दुसरा, आपल्याला मानवणारा खरेदीदार शोधते. येथे ताबा जातोच, फक्त तो कोणाकडे जावा हे मंडळ ठरवते. भागधारकाच्या दृष्टीने पाहिले तर दुसरा ग्राहक येणे ही चांगली बातमी असते, कारण दोन ग्राहक आल्याशिवाय लिलाव होत नाही. धोका असतो तो त्या ग्राहकाला मंडळाने देऊ केलेल्या सवलतींत.

हे दोन्ही उपाय एकाच प्रकरणात, एकामागून एक आणि उलटसुलट परिणामांसह दिसतात ते १९८५ च्या रेव्हलॉनच्या लढतीत. रेव्हलॉन ही सौंदर्यप्रसाधनांची नावाजलेली कंपनी, जिच्याकडे आरोग्यसेवेचेही मोठे व्यवसाय होते. अध्यक्ष होते मिशेल बर्जरॅक. रोनाल्ड पेरेलमन यांच्या पॅन्ट्री प्राइड या तुलनेने लहान कंपनीने तिला घेण्याचे ठरवले. रेव्हलॉनच्या मंडळाने १९ ऑगस्टला एक पिल स्वीकारली, जिच्यानुसार कोणी वीस टक्के शेअर घेतले तर बाकीच्या भागधारकांना प्रत्येक शेअरच्या बदल्यात ६५ डॉलरचा, एका वर्षाच्या मुदतीचा आणि बारा टक्के व्याजाचा रोखा मागता येणार होता. पॅन्ट्री प्राइडने २३ ऑगस्टला ४७.५० डॉलरचा जाहीर प्रस्ताव मांडला. मंडळाने त्यावर आणखी एक उपाय केला : एक कोटी शेअर परत घेऊन त्यांच्या बदल्यात मुख्यतः कर्जरोखे दिले, आणि त्या रोख्यांना अशी बंधने जोडली की स्वतंत्र संचालकांच्या संमतीशिवाय कंपनीला नवे कर्ज काढता येऊ नये किंवा मालमत्ता विकता येऊ नये.

यानंतर भावाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. शेअरसंख्या आणि कंपनीची रचना बदलल्यामुळे पॅन्ट्री प्राइडने सप्टेंबरच्या मध्यास आपला आकडा ४२ डॉलरवर आणला, पण महिनाअखेरीस तो ५० आणि १ ऑक्टोबरला ५३ झाला. रेव्हलॉनच्या मंडळाने फोर्स्टमन लिटल या गुंतवणूक संस्थेला व्हाइट नाइट म्हणून आणले आणि ३ ऑक्टोबरला तिचा ५६ डॉलरचा प्रस्ताव मान्य केला. पॅन्ट्री प्राइडने ५६.२५ देऊ केले आणि फोर्स्टमन जो आकडा सांगेल त्यावर थोडे अधिक देण्याची तयारी दाखवली. पहिल्या जाहीर प्रस्तावापासून येथपर्यंतच्या दीड महिन्यात, पिल आणि व्हाइट नाइट या दोन्ही उपायांनी भागधारकाला प्रत्यक्ष पैसा मिळवून दिला होता. पिलने घाई रोखली, त्या वेळेत दुसरा ग्राहक आला, आणि पहिल्या ग्राहकाला आपला भाव वाढवावा लागला.

बिघाड झाला तो १२ ऑक्टोबरला. फोर्स्टमनने भाव ५७.२५ केला, पण त्याबरोबर तीन अटी घातल्या. दुसऱ्या कोणी चाळीस टक्के शेअर मिळवले तर रेव्हलॉनचे दोन आरोग्यविषयक व्यवसाय, व्हिजन केअर आणि नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज, ५२.५ कोटी डॉलरमध्ये विकत घेण्याचा हक्क फोर्स्टमनला मिळावा. ही रक्कम कंपनीच्याच सल्लागारांनी ठरवलेल्या किमतीपेक्षा दहा ते साडेसतरा कोटी डॉलरने कमी होती. अशा तरतुदीला लॉक-अप म्हणतात, आणि तिचा अर्थ हा की दुसऱ्याने बोली जिंकली तरी त्याच्या हाती लागणाऱ्या कंपनीतून मोलाचा भाग स्वस्तात निघून गेलेला असेल. दुसरी अट अशी की मंडळाने इतर ग्राहकांशी बोलणी करू नयेत, आणि तिसरी अशी की व्यवहार मोडल्यास अडीच कोटी डॉलर भरपाई मिळावी. मंडळाला हा करार हवासा वाटला त्याचे एक मोठे कारण आधी दिलेल्या कर्जरोख्यांत होते. रोख्यांवरची बंधने उठवली जाणार हे कळताच त्यांचा बाजारभाव घसरला होता, रोखेधारक संचालकांवर दावे करण्याची भाषा बोलत होते, आणि फोर्स्टमनने त्या रोख्यांची किंमत सावरण्याचे वचन दिले होते.

पॅन्ट्री प्राइडने ५८ डॉलरची बोली लावली आणि डेलावेअरच्या न्यायालयात धाव घेतली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी लॉक-अप आणि बोलणी बंद करण्याची अट यांवरील मनाई कायम केली, आणि कंपनी अखेर ५८ डॉलरला पेरेलमन यांच्याकडे गेली. न्यायालयाचा विचार सरळ होता. कंपनी विकली जाणारच आहे हे ठरल्याच्या क्षणी मंडळाचे काम कंपनी राखण्याचे उरत नाही, ते भागधारकांसाठी सर्वांत चांगला भाव मिळवण्याचे होते. रोखेधारकांचे हक्क करारात लिहिलेले असतात, त्यांच्यासाठी लिलाव थांबवता येत नाही. येथे हे लक्षात घेणे अगत्याचे आहे की न्यायालयाने पिल स्वीकारण्याचा मूळ निर्णय अवैध ठरवला नाही, आणि व्हाइट नाइट आणण्यातही दोष पाहिला नाही. दोष पाहिला तो व्हाइट नाइटला बोली संपवण्याचे साधन दिले गेले यात. ४७.५० पासून ५८ पर्यंतची बावीस टक्क्यांची वाढ ही बचावाने मिळवून दिलेली होती. १२ ऑक्टोबरचा करार टिकला असता तर तीच वाढ मध्येच थांबली असती.

रेव्हलॉनमध्ये मंडळ विक्रीला तयार झाले होते. मंडळाने विक्रीला ठाम नकार दिला, दुसरा ग्राहक आणलाच नाही आणि पिल मागे घ्यायलाही नकार दिला, तर काय होते, याचे उत्तर पंचवीस वर्षांनी एअरगॅसच्या प्रकरणात मिळाले. ऑक्सिजन, नायट्रोजन, अरगॉन, असेटिलीन असे वायू सिलिंडरांत भरून वेल्डिंगच्या कारखान्यांना, रुग्णालयांना आणि प्रयोगशाळांना पुरवणारी ही कंपनी पीटर मॅककॉसलँड यांनी १९८२ मध्ये उभी केली, आणि शेकडो छोटे वितरक विकत घेत घेत ती देशभर वाढवली. एअर प्रॉडक्ट्स या मोठ्या वायू उत्पादक कंपनीने २००९ च्या शरद ऋतूत खाजगीत विचारणा केली, नकार आला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तिने ६० डॉलर रोख असा जाहीर प्रस्ताव ठेवला. त्याच्या आदल्या दिवशी एअरगॅसचा शेअर ४३.५३ डॉलरला होता, म्हणजे प्रस्तावातील अधिमूल्य, बाजारभावापेक्षा देऊ केलेली जादा रक्कम, अडतीस टक्के होते. मंडळाने प्रस्ताव अतिशय अपुरा असल्याचे सांगितले. जुलैमध्ये भाव ६३.५०, सप्टेंबरमध्ये ६५.५० आणि डिसेंबरमध्ये ७० झाला, आणि हा शेवटचा व सर्वोत्तम आकडा असल्याचे एअर प्रॉडक्ट्सने जाहीर केले.

एअरगॅसकडे पंधरा टक्क्यांची पिल होती आणि तिच्या जोडीला टप्प्याटप्प्याने निवडले जाणारे मंडळ होते. या दुसऱ्या व्यवस्थेत संचालकांचे तीन गट असतात आणि दरवर्षी एकाच गटाची निवडणूक होते, त्यामुळे बाहेरच्या माणसाला मंडळात बहुमत मिळवायला दोन वार्षिक सभा जिंकाव्या लागतात. पिल एकटी असेल तर खरेदीदार मतांची लढाई जिंकून नवे मंडळ निवडून आणतो आणि ते मंडळ पिल मागे घेते. ही वाट फार तर वर्षभराची असते. दोन्ही एकत्र आले की वाट इतकी लांबते की बहुतेक खरेदीदारांचे भांडवल आणि धीर दोन्ही संपतात. ल्युसिअन बेब्चक, जॉन कोट्स आणि गुहान सुब्रमण्यम यांनी २००२ मध्ये होस्टाइल प्रस्तावांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नेमका हाच जोड निर्णायक ठरल्याचे दिसले. असे मंडळ असलेल्या कंपन्यांची स्वतंत्र राहण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होती, आणि प्रस्तावानंतरच्या नऊ महिन्यांत त्यांच्या भागधारकांचा परतावा आठ ते दहा टक्क्यांनी कमी पडला होता.

सप्टेंबर २०१० च्या वार्षिक सभेत एअर प्रॉडक्ट्सचे तीन उमेदवार निवडून आले. त्याच सभेत पुढची वार्षिक सभा चारच महिन्यांनी, जानेवारीत, घ्यावी असा उपनियमही मंजूर झाला, कारण तसे झाले असते तर दुसरा गट लगेच निवडणुकीला येऊन बहुमत बदलले असते. डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो उपनियम रद्द ठरवला. पण या प्रकरणाचा सर्वांत बोलका भाग पुढे आहे. खरेदीदाराने स्वतः निवडून आणलेले तीन संचालक मंडळात बसले, त्यांनी कंपनीची आतली आकडेवारी आणि पाच वर्षांची योजना पाहिली, आपल्यासाठी स्वतंत्र सल्लागार मागितले, आणि त्यानंतर ७० डॉलर अपुरे आहेत, किंमत किमान ७८ असायला हवी, या मताशी ते सहमत झाले. मंडळाचा नकार एकमताने झाला. प्रतिस्पर्ध्याच्या बाकावरून आलेल्या माणसांनी दिलेला हा कौल मंडळाच्या प्रामाणिकपणाचा कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालाहून भक्कम पुरावा आहे.

निकाल १५ फेब्रुवारी २०११ रोजी चॅन्सलर विल्यम चँडलर यांनी दिला. त्या वेळी एअरगॅसच्या सुमारे निम्म्या भागधारकांत अल्पमुदतीचे व्यापारी होते, ज्यांनी प्रस्ताव जाहीर झाल्यावर शेअर घेतले होते आणि ज्यांना ७० डॉलर मिळाले की काम झाले होते. मंडळाचे म्हणणे होते की अशा लोकांच्या बहुमताने कंपनी तिच्या खऱ्या किमतीपेक्षा स्वस्तात जाईल, आणि दीर्घकाळच्या भागधारकांना त्याचा तोटा होईल. चँडलर यांनी नोंदवले की त्यांच्या वैयक्तिक मते वर्षभरानंतर, भागधारकांना सर्व माहिती मिळाल्यावर, पिलने आपले काम पूर्ण केले होते. पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पूर्वनिर्णय त्यांच्यावर बंधनकारक होते आणि त्यांनुसार मंडळाचा निर्णय टिकत होता. पिल कायम राहिली, एअर प्रॉडक्ट्सने प्रस्ताव मागे घेतला आणि शेअरचा भाव सत्तरच्या बराच खाली राहिला.

त्या दिवशी हिशोब केला असता तर मंडळाने भागधारकाचे नुकसान केले असे दिसले असते. २०१२ मध्ये भाव ७८ च्या वर गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रान्सच्या एअर लिक्विडने १४३ डॉलर रोख देऊ केले, जे त्या वेळच्या बाजारभावापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक होते, आणि मे २०१६ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. आता ७० आणि १४३ यांची तुलना करताना एक चूक सहज होते. या दोन आकड्यांमध्ये सव्वापाच वर्षांचे अंतर आहे, आणि ७० डॉलर घेणाऱ्याने ते घरात ठेवले नसते. त्याने ते अमेरिकेच्या ५०० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात गुंतवले असते, तर निर्देशांक त्या काळात सुमारे १,३३० वरून २,०५० पर्यंत गेल्यामुळे त्याचे ७० डॉलर लाभांश सोडून १०८ झाले असते. म्हणून नकाराचा फायदा ७३ डॉलर नव्हे, तर सुमारे ३५ डॉलर होता. टिकून राहिलेल्या भागधारकासाठी तोही मोठा आहे. पण निकालानंतरच्या दिवसांत साठीच्या घरात शेअर विकणाऱ्याला यातले काहीच मिळाले नाही, आणि त्याला विकण्याचा निर्णय ७० डॉलरवर घेऊ दिला नाही तो मंडळाने. शिवाय मंडळ स्वतः किमान ७८ म्हणत होते. १४३ पर्यंतच्या वाढीत कंपनीच्या कामगिरीइतकाच वाटा दीर्घकाळ चढत राहिलेल्या बाजाराचा आणि वायू उद्योगातील एकत्रीकरणाचा होता, ज्याचे भाकीत २०११ मध्ये कोणालाच करता आले नसते.

याच स्वरूपाचा नकार दुसरीकडे उलट फळाला आला. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने याहूला प्रत्येक शेअरमागे ३१ डॉलर देऊ केले, जे बाजारभावाहून बासष्ट टक्क्यांनी अधिक होते, आणि पुढे ३३ पर्यंत तयारी दाखवली. याहूकडेही पिल होती. तिच्या जोडीला मंडळाने ताबा बदलल्यावर नोकरी गमावणाऱ्या कर्मचाऱ्यांना भरघोस रक्कम देण्याची योजना आणली, ज्यामुळे खरेदीचा खर्च वाढला. संस्थापक जेरी यांग ३७ डॉलरवर अडून बसले. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने प्रस्ताव मागे घेतला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शेअर दहा डॉलरच्या खाली होता. मंदीचा वाटा त्यात मोठा होता हे खरे. पण एअरगॅसचे यश बाजाराच्या चढाचे मानायचे आणि याहूचे अपयश मात्र मंदीच्या माथी मारायचे, हे एकाच मापाने मोजणे नव्हे. दोन्ही ठिकाणी मंडळाने ठेवलेला पुरावा पाहायला हवा. एअरगॅसच्या मंडळाने बाहेरून आलेल्या, खरेदीदाराच्याच संचालकांना सगळी आकडेवारी खुली केली होती, आणि याहूच्या मंडळाने तशी कोणतीही परीक्षा दिली नव्हती.

संशोधकांनी या परिणामांचे मोजमाप दोन वेळांवर केले आहे आणि दोहोंची उत्तरे वेगळी पडतात. पिल स्वीकारल्याची बातमी आली त्या दोन-तीन दिवसांत शेअरचा भाव बाजाराच्या सर्वसाधारण चालीपेक्षा किती वेगळा हलला, हे पाहणारी पद्धत पहिली. ऐंशीच्या दशकातील अशा अभ्यासांत सरासरी घट आढळली, पण ती लहान होती, आणि ज्या कंपन्यांवर आधीच ताब्याची वदंता होती त्यांत अधिक होती. दुसरी पद्धत पुढच्या काळात ताबे किती झाले आणि किती भावाने झाले हे पाहते. रॉबर्ट कॉमेंट आणि विल्यम श्वर्ट यांच्या १९९५ च्या अभ्यासात पिलमुळे ताबे फारसे रोखले गेले नाहीत, मात्र ज्या ठिकाणी पिल होती तेथे अधिमूल्य अधिक मिळाले, असे दिसले. या दोन निष्कर्षांत विसंगती वाटते ती एक गोष्ट वगळल्यामुळे. पिल हा केवळ दबावाचा अधिकार आहे, आणि तो कोण, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली वापरतो यावर फळ ठरते. सरासरी आकड्यात रेव्हलॉनचे पहिले दीड महिने आणि याहूचा अडेलपणा एकमेकांत मिसळून जातात.

भारतात हा अधिकार मंडळाला जवळजवळ नाहीच. सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार पंचवीस टक्के मताधिकाराची मर्यादा गाठणाऱ्याला आणखी किमान सव्वीस टक्क्यांसाठी ओपन ऑफर, म्हणजे सर्व भागधारकांना समान भावाने खुला प्रस्ताव, द्यावा लागतो. ती ऑफर चालू असताना लक्ष्य कंपनीच्या मंडळाला भागधारकांच्या विशेष ठरावाशिवाय नवे शेअर काढता येत नाहीत, मोठी मालमत्ता विकता येत नाही आणि स्वतःचे शेअर परत घेता येत नाहीत. निवडक लोकांना शेअर द्यायचे तर किमान भावाचे सूत्र लागू होते, त्यामुळे निम्म्या भावाची पिल येथे उभीच राहत नाही. व्हाइट नाइटला मात्र जागा आहे : पहिल्या ऑफरच्या सविस्तर जाहीर निवेदनानंतर पंधरा कामकाजी दिवसांत दुसरा खरेदीदार स्पर्धेची ऑफर देऊ शकतो, आणि तीही सर्वांसाठी खुली असावी लागते. फोर्स्टमनला मिळाली तशी खास सवलत या चौकटीत बसत नाही. या नियमांआधी, २००० मध्ये, मुंबईच्या जेस्को कॉर्पोरेशनवर दालमिया गटाने ऑफर दिली तेव्हा कंपनीच्या प्रवर्तक शेठ कुटुंबाने महिंद्रांना सोबत घेतले आणि कंपनी महिंद्रांकडे गेली. आजची महिंद्र लाइफस्पेस ही तिचीच पुढची पायरी आहे.

नव्या नियमांखाली, २०१९ मध्ये, मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने बंगळुरूच्या माइंडट्रीचे सुमारे वीस टक्के शेअर ९८० रुपयांनी घेतले आणि त्याच भावाने ओपन ऑफर जाहीर केली. संस्थापकांचा विरोध उघड आणि तीव्र होता. मंडळाने शेअर परत घेण्याचा विचार केला आणि काही दिवसांतच तो सोडून दिला. व्हाइट नाइट आला नाही. स्वतंत्र संचालकांच्या समितीने मात्र संस्थापकांच्या विरोधाकडे न पाहता फक्त किमतीचा विचार केला आणि ९८० रुपये रास्त असल्याचे भागधारकांना कळवले.

प्रत्येक ओपन ऑफरमध्ये अशी शिफारस, कारणांसह, शेअर देण्याची मुदत सुरू होण्याच्या किमान दोन कामकाजी दिवस आधी वृत्तपत्रांत छापणे नियमाने बंधनकारक आहे. ज्यांच्याकडे अशा कंपनीचे शंभर-दोनशे शेअर असतील त्यांनी ती जाहिरात पूर्ण वाचावी, तीत समितीने कोणते मूल्यांकन पाहिले आणि कोणत्या संचालकाने भिन्न मत नोंदवले हे शोधावे, आणि मगच शेअर द्यायचे की ठेवायचे ते ठरवावे.